बास्केटबॉलमधील चालू सामन्याच्या एकूण गुणांचा अंदाज

बास्केटबॉलच्या सामन्यात दोन्ही संघांनी मिळून केलेल्या गुणांच्या बेरजेस 'एकूण गुण' किंवा 'टोटल' असे म्हणतात. सामना चालू असताना, झालेले गुण, खेळाची गती आणि उरलेला वेळ यांवरून ही बेरीज अखेरीस किती होईल याचा अंदाज बांधला जातो. प्रशिक्षक, समालोचक आणि सांख्यिकीचे अभ्यासक हा अंदाज वापरतात. ज्या देशांत क्रीडासट्टा कायदेशीर आहे, तेथे सट्टेबाज कंपन्या त्याच अंदाजावर क्षणोक्षणी बदलणारा आकडा जाहीर करतात आणि प्रत्यक्ष बेरीज त्याहून अधिक होईल की कमी, यावर लोक पैसे लावतात. प्रस्तुत लेखातील उदाहरणे अमेरिकेतील एनबीए या स्पर्धेच्या नियमांनुसार, म्हणजे प्रत्येकी १२ मिनिटांच्या चार सत्रांचा ४८ मिनिटांचा सामना गृहीत धरून दिली आहेत. त्यांतील सामने कल्पित आहेत.

साधे त्रैराशिक

सर्वांत सोपी रीत त्रैराशिकाची आहे. झालेल्या गुणांना खेळलेल्या मिनिटांनी भागावे आणि ४८ ने गुणावे. मध्यंतरापर्यंत २४ मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून १३२ गुण झाले असतील, तर दर मिनिटाला साडेपाच गुण पडतात आणि अखेरची बेरीज २६४ येते. ही रीत शाळकरी मुलालाही समजते, परंतु तिच्यात एक मोठी उणीव आहे. १३२ गुण कशामुळे झाले हे ती विचारत नाही. खेळ वेगवान होता म्हणून झाले, की नेम विलक्षण लागला म्हणून झाले, या दोन कारणांचे पुढील अर्ध्या सामन्यावर होणारे परिणाम अगदी निराळे असतात.

गती आणि नेम

ही दोन कारणे वेगळी करण्यासाठी 'ताबा' हे एकक वापरतात. एका संघाच्या हाती चेंडू आल्यापासून तो प्रतिपक्षाकडे जाईपर्यंतच्या काळाला एक ताबा म्हणतात. संघाने फेक चुकवली आणि रिबाउंड स्वतःच मिळवला, तर तोच ताबा पुढे चालू राहतो. ताबे दोन्ही संघांना आळीपाळीने मिळत असल्यामुळे त्यांची संख्या जवळजवळ सारखीच असते. सामन्याच्या गुणपत्रकात ताब्यांची नोंद सहसा नसते, पण ती पुढील सूत्राने काढता येते:

ताबे = मैदानी फेकी − आक्रमक रिबाउंड + टर्नओव्हर + ०.४४ × मुक्त फेकी

यातील ०.४४ हा गुणक पाहून वाचक थबकतो. दोन मुक्त फेकींनी साधारणपणे एक ताबा संपतो, म्हणून गुणक ०.५ असावा असे वाटते. परंतु काही मुक्त फेकी यशस्वी मैदानी फेकीला जोडून मिळालेल्या असतात, काही तांत्रिक फाउलच्या असतात, तर तीन गुणांच्या फेकीवर फाउल झाल्यास एकाच वेळी तीन मिळतात. त्यांच्यामुळे सरासरी थोडी खाली येते. ताब्यांच्या आधारे खेळाचा हिशेब मांडण्याची पद्धत डीन ऑलिव्हर यांच्या 'बास्केटबॉल ऑन पेपर' (२००४) या ग्रंथामुळे सर्वदूर परिचित झाली.

आता वरील सामन्याकडे परत येऊ. समजा, सूत्राने प्रत्येक संघाचे मध्यंतरापर्यंत ५० ताबे निघाले. म्हणजे पूर्ण सामन्याची गती १०० ताबे झाली. सामन्यापूर्वी या दोन संघांकडून ९८ ताबे आणि दर ताब्यास १.१४ गुण अपेक्षित होते, म्हणजेच एकूण सुमारे २२३ गुण. गती अपेक्षेहून किंचितच अधिक आहे. परंतु १०० ताब्यांत १३२ गुण म्हणजे दर ताब्यास १.३२ गुण होतात, आणि हा आकडा अपेक्षेच्या फार वर आहे. गुणपत्रक पाहता असे आढळते की, तीन गुणांच्या ४० फेकींपैकी २० सफल झाल्या. एनबीएमध्ये अशा शंभर फेकींपैकी साधारण ३६ सफल होतात, त्या मानाने येथे १४ किंवा १५ व्हायला हव्या होत्या. जास्तीच्या साडेपाच फेकींनी १६-१७ गुण वाढवले. ते वजा केले, तर दर ताब्यास साधारण १.१५ गुण उरतात आणि अपेक्षेशी मेळ बसतो.

तीन गुणांच्या फेकींचे यश एका अर्ध्या सामन्यात खूप हेलकावे खाते आणि उत्तरार्धात बहुधा सरासरीकडे परतते. गती त्यामानाने स्थिर असते, कारण ती संघांच्या ठरलेल्या खेळपद्धतीतून येते. म्हणून उत्तरार्धासाठी गती थोडी वाढवून ९९ आणि प्रतिताबा गुण जेमतेम वाढवून १.१६ धरणे रास्त ठरेल. दोन्ही संघांचे मिळून ९९ ताबे, त्यांचे सुमारे ११५ गुण, आणि अखेरची बेरीज २४७. त्रैराशिकाने आलेल्या २६४ पेक्षा ही १७ ने कमी आहे. झालेले १३२ गुण मात्र कोणी काढून घेत नाही. नशिबाने मिळालेले असले तरी ते फलकावर राहतात. 'नेम सरासरीकडे परततो' याचा अर्थ उत्तरार्धात त्याची भरपाई म्हणून कमी गुण होतील, असा अनेकजण करतात. तो चुकीचा आहे. उत्तरार्ध केवळ नेहमीसारखा होईल, एवढेच त्यातून निघते.

शेवटची मिनिटे आणि हेतुपुरस्सर फाउल

सामन्याच्या अखेरीस हे गणितही अपुरे पडते, कारण घड्याळच डावपेचाचा भाग होते. आघाडीवरील संघ २४ सेकंदांचे शॉट क्लॉक संपत येईपर्यंत चेंडू हातात ठेवतो. पिछाडीवरील संघाला एवढी सेकंदे परवडत नाहीत, म्हणून तो जाणूनबुजून फाउल करतो. फाउल होताच घड्याळ थांबते, प्रतिपक्षाला दोन मुक्त फेकी मिळतात आणि त्यानंतर चेंडू पिछाडीच्या संघाकडे येतो. गुण देऊन वेळ विकत घेण्याचा हा व्यवहार आहे. चौथ्या सत्राच्या शेवटच्या दोन मिनिटांत मैदानी फेक सफल झाली तरी घड्याळ थांबते, म्हणून हा व्यवहार आणखी लांबू शकतो.

समजा, ४० सेकंद उरले आहेत. 'अ' संघ १०८-१०२ असा पुढे असून चेंडू त्याच्याकडेच आहे. बेरीज २१० आहे. त्रैराशिकाने उरलेल्या वेळात तीन गुण होतात, म्हणजे अंदाज २१३ येतो. आता फाउलचा क्रम पाहू. 'ब' संघ चार सेकंदांत फाउल करतो. 'अ' चा खेळाडू शंभरात ८० मुक्त फेकी साधणारा असेल, तर दोन फेकींत सरासरी १.६ गुण मिळतात. मग 'ब' सात सेकंदांत घाईने फेक करतो. ती शंभरात ४५ वेळा सफल होते आणि सफल झाली तर सरासरी २.२ गुण देते, असे धरू. ती चुकली तर साधारण आठ गुणांची पिछाडी आणि २९ सेकंद उरतात. तेव्हा 'ब' प्रयत्न सोडतो, असे सोपेपणासाठी मानू. (प्रत्यक्षात काही प्रशिक्षक त्याहून हट्टी असतात.)

यातून तीन शक्यता निघतात. शंभरातील ५५ वेळा 'ब' ची पहिलीच फेक चुकते आणि सामना २१२ च्या आसपास संपतो. सुमारे २५ वेळा पहिली फेक साधते, दुसरी चुकते आणि बेरीज २१५ पर्यंत जाते. उरलेल्या २० वेळा दोन्ही फेकी साधतात, चौदा सेकंद उरले असताना आणखी मुक्त फेकी होतात, पुन्हा उत्तर दिले जाते, आणि बेरीज २२१ च्या घरात पोहोचते. तिन्हींची भारित सरासरी २१४ च्या किंचित वर येते.

ही सरासरी त्रैराशिकाच्या उत्तराहून फारशी दूर नाही, पण त्यामुळे फसू नये. निम्म्याहून अधिक वेळा बेरीज सरासरीच्या खाली राहते, आणि पाचातून एकदा ती सात गुणांनी वर उसळते. अशा विषम विभागणीत एकच आकडा सांगणे अपुरे असते. अखेरच्या मिनिटातील टोटल उगाचच फुगते, अशी प्रेक्षकांची जी समजूत आहे, ती बहुधा या क्वचित पण ठसठशीत उसळ्या लक्षात राहिल्यामुळे झाली आहे. शांतपणे चेंडू ठोकत संपलेले सामने कोणाच्या स्मरणात राहत नाहीत.

फाउलसत्र होईल की नाही, हे प्रामुख्याने गुणांतरावर अवलंबून असते. बरोबरी असताना कोणीही मुद्दाम फाउल करत नाही, उलट शेवटच्या फेकीसाठी चेंडू रोखून ठेवला जातो. मात्र तेथे अतिरिक्त वेळेची शक्यता मोठी असते, आणि पाच मिनिटांच्या अतिरिक्त सत्रात वीसहून अधिक गुण सहज वाढतात. अंतर बारा-पंधरा गुणांचे असेल, तर दोन्ही बाजूंचे राखीव खेळाडू मैदानात येतात आणि मुद्दाम फाउल करण्याचे कारणच उरत नाही. तीन ते आठ गुणांच्या अंतरात फाउलसत्राचा संभव सर्वाधिक असतो. तीन गुणांनी पुढे असलेला संघ कधी कधी स्वतःच फाउल करतो. प्रतिपक्षाला तीन गुणांची फेक घेऊ न देता दोन मुक्त फेकींवर थोपवणे, हा त्यामागील हेतू असतो.

दुसरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे सत्रातील संघाचे फाउल. एका सत्रात पाचव्या फाउलपासून प्रतिपक्षाला मुक्त फेकी मिळतात. शेवटच्या दोन मिनिटांत, आधीचे फाउल कितीही कमी असले तरी, केवळ एकच फाउल विनादंड सुटतो. 'ब' कडे असा सुटीचा फाउल शिल्लक असेल, तर पहिल्या फाउलने गुण न वाढता काही सेकंद मात्र खर्च होतात, आणि वरील अंदाज खाली आणावा लागतो. बाजूरेषेवरून चेंडू स्वीकारण्यासाठी 'अ' आपले उत्तम मुक्त फेक करणारे खेळाडू पुढे करतो, म्हणून अशा वेळी संघाच्या सरासरीपेक्षा त्या खेळाडूंची टक्केवारी पाहावी.

मर्यादा

एफआयबीएच्या नियमांनी होणारे सामने ४० मिनिटांचे असतात, त्यामुळे वरील आकडे त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. काही स्पर्धांत तर शेवटी घड्याळच नसते. निक एलाम यांनी सुचवलेल्या पद्धतीत एक लक्ष्यगुणसंख्या ठरवली जाते आणि ती प्रथम गाठणारा संघ जिंकतो. हेतुपुरस्सर फाउलचा उपद्रव संपवणे हाच तिचा उद्देश होता. २०२० च्या एनबीए ऑल-स्टार सामन्यात तिसऱ्या सत्राअखेर गुण १३३-१२४ होते. पुढे असलेल्या संघाच्या गुणांत कोबी ब्रायंट यांच्या स्मरणार्थ २४ मिळवून १५७ हे लक्ष्य ठरले आणि सामना १५७-१५५ असा संपला. तेथे एकूण गुणांची कमाल मर्यादा आधीच जवळजवळ निश्चित असते, अनिश्चित राहतो तो पराभूत संघाचा आकडा.

सट्ट्याच्या संदर्भात आणखी एक अडचण आहे. दूरचित्रवाणी किंवा इंटरनेटवरील प्रक्षेपण मैदानातील खेळाच्या काही सेकंद मागे असते, तर कंपन्यांकडे मैदानातून थेट माहिती येते. शेवटच्या मिनिटात चार सेकंदांचा फाउल हे एकक असताना एवढा विलंब निर्णायक ठरतो. शिवाय दोन्ही बाजूंना १.९१ असा प्रचलित भाव असेल, तर नुसते नुकसान टाळण्यासाठीही शंभरातून ५२ हून अधिक वेळा अंदाज बरोबर यावा लागतो. वर दाखवल्याप्रमाणे गती व नेम वेगळे करण्याचे गणित कंपन्यांच्या आकड्यात आधीच धरलेले असते. भारतात ऑनलाइन गेमिंगविषयीच्या २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर आणि अशा सट्ट्यावर बंदी आहे.