आधी कान, मग पाय

घरी पाहुणे येतात, चहा होतो आणि कुणीतरी म्हणतं, "अगं, ते गाणं लागलंय बघ, नाचून दाखव ना!" पाच वर्षांची असताना ती लगेच नाचायची. आता सात वर्षांची झाल्यावर ती आईच्या पदराआड जाते. घरातल्यांना वाटतं, नाच सुटला. पण दार लोटून घेतल्यावर आतून गुणगुणणं ऐकू येतं, जेवताना पाटाखाली पाय ठेका धरत असतो आणि गाण्याचं कडवं चुकलं तर पहिली तीच सांगते.

सहा-सात वर्षांच्या सुमारास मुलं स्वतःची इतरांशी तुलना करू लागतात. धाकट्या मुलाला "मी नाचतो" एवढंच पुरतं. दुसरीतल्या मुलाला "मी शेजारच्यापेक्षा कसा नाचतो" हेही दिसू लागतं, आणि आपण कुणाला तरी दिसतो आहोत ही जाणीव येते. ही समज वाढल्याची खूण आहे. मात्र नाचाच्या वेळी ती आडवी येते, कारण लक्ष गाण्यावरून उठून स्वतःच्या हातापायांवर जातं. हात कुठे ठेवायचे, हा प्रश्न एकदा पडला की हात लाकडी होतात.

अशा मुलाला धीट करायला निघण्यापेक्षा त्याच्या कानाला काम द्यावं. गाणं आवडणाऱ्या मुलाचा कान तयार असतो. हालचाल हे ऐकण्याच्या कोड्याचं उत्तर झालं, की मूल कोडं सोडवण्यात गुंततं आणि अंग आपोआप हलतं. जिनिव्हाच्या संगीतविद्यालयात शिकवणाऱ्या एमिल जाक-दाल्क्रोझ यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी यावर एक पद्धतच उभी केली. त्यांच्या विद्यार्थ्यांना वाद्य नीट वाजवता येई, पण लय अंगात भिनलेली नसे. त्यांनी विद्यार्थ्यांना खुर्चीवरून उठवलं आणि पियानोच्या लयीवर चालायला लावलं. वादन थांबलं की थांबायचं, लय दुप्पट झाली की पावलंही दुप्पट करायची. चाल कशी दिसते हे तिथे दुय्यम होतं. विद्यार्थ्याने नीट ऐकलं की नाही, ते पावलांवरून कळत असे.

आपल्याकडे याची सुरुवात आणखी सोपी आहे, कारण ताल हाताने दाखवण्याची रीत घरातलीच आहे. समजा, मीरा नावाची दुसरीतली मुलगी आहे. पहिले काही दिवस तिला उभंच करायचं नाही. जमिनीवर समोरासमोर बसून केहरवा घ्यायचा: धा गे ना ति, न क धि ना. आठ मात्रा, पहिलीला टाळी आणि पाचवीला खाली, म्हणजे तळहात उलटा करून बाजूला न्यायचा. तबल्याच्या क्लासला जाणारं कुठलंही मूल हे करतं आणि त्याला कुणी नाच म्हणत नाही, हा मोठाच फायदा. दोन-तीन बैठकांत हे जमलं की टाळीऐवजी पाय आपटायचा. मग बसल्या जागी अंग डावीकडून उजवीकडे न्यायचं, पहिलीला एकीकडे, पाचवीला दुसरीकडे. मीरा अजून बसलेलीच आहे, पण नाचायला लागली आहे.

गाणं निवडताना मोठी माणसं नेहमी एक चूक करतात. मूल बुजरं आहे म्हणून संथ गाणं लावतात. लहान मुलांची आपली म्हणून जी लय असते, ती मोठ्यांपेक्षा जलद असते. संथ गाण्यात दोन ठोक्यांमधली जागा त्यांना फार मोठी वाटते, तोल ढळतो आणि नेमका तेव्हाच विचार करायला वेळ मिळतो. मीराची लय मोजता येते. गाणं न लावता तिला मांडीवर हवा तसा ठेका धरायला सांगा आणि पंधरा सेकंदांतले ठोके मोजा. तीस ठोके आले तर मिनिटाला 120 झाले. त्याच्या आसपासचं गाणं निवडा. तिच्या आवडीचं भावगीत मिनिटाला 60 ठोक्यांचं असेल तर ते टाकून द्यायला नको, प्रत्येक ठोक्याला दोन पावलं घ्यायची म्हणजे हिशेब जुळतो.

यानंतर उभं राहायचं. घरातली मोठी खोली, सतरंजी गुंडाळलेली, पाय अनवाणी, आरसा नाही आणि मोबाइल गाणं लावण्यापुरता. गाणं चालू असेतो चालायचं आणि थांबलं की जिथल्या तिथे. बटण आधी मोठ्या माणसाकडे, मग तिच्याकडे. तिच्या हाती बटण आलं की बाबांना एका पायावर ताटकळत ठेवण्यात तिला इतका रस येतो की आपल्याकडे कुणी बघतंय हे ती विसरते. पुढची पायरी नियमाची: ढोलकी वाजते तेव्हा जड पावलं, बासरी आली की टाचा वर, गायिका गात असताना वळणावळणाने आणि फक्त वाद्यं असताना सरळ रेषेत. हा नियम पाळायला गाणं बारकाईने ऐकावं लागतं, आणि संगीतवेडं मूल यात मोठ्यांना सहज हरवतं. दहा मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा, पुरे. ती स्वतः नवा नियम काढू लागली की पुढे जायला हरकत नाही.

एक पथ्य मात्र अवघड आहे. कौतुक करायचं नाही. "किती गोड नाचलीस!" हेही शेवटी बघणंच आहे, आणि पुढच्या वेळी ती गोड दिसण्याच्या मागे लागते. काही म्हणायचंच असेल तर गाण्याबद्दल म्हणावं: "तिथे ढोलकी मधेच थांबते, ते मला कळलंच नाही, तू कसं पकडलंस?" व्हिडिओ काढून मावशीला पाठवायचा मोह तर पूर्ण टाळावा. मुलांना ते नंतर कळतं, आणि मग महिन्याभराचं काम धुऊन जातं.

हातांचा प्रश्न उरतो. त्यावर महाराष्ट्राने काढलेला तोडगा म्हणजे लेझीम. लाकडी दांडा, त्याला साखळी आणि साखळीत धातूच्या चकत्या. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे ते कुठे ठेवायचे हा प्रश्नच मिटतो. त्याहून मोलाचं म्हणजे लेझीम बोलते. हालचाल ठोक्यावर झाली तर छन्न असा एकच आवाज येतो, चुकली तर पसरट खुळखुळ. बरोबर की चूक, हे आरसा नाही तर कान सांगतो. 1982 साली दिल्लीच्या एशियाडमध्ये सांगलीकडच्या पथकाने ती सादर केली, तेव्हा दूरदर्शनवर ती देशभर दिसली. पण लेझमीचा खरा गुण तिच्या सांघिकपणात आहे: पन्नास जण एकच करत असताना एकटा कुणी दिसत नाही. मीरासाठी मुलांच्या मापाची हलकी लेझीम घ्यावी. मोठी घेतली तर पाच मिनिटांत खांदे भरून येतात आणि वर उचललेले खांदे आपल्याला लाजल्यासारखे वाटतात. सुरुवात "चार आवाज"पासून करावी, म्हणजे जागेवर उभं राहून चार आकड्यांना चार आवाज. पावलं नंतर. लेझीम मिळाली नाही तर दोन टिपऱ्या चालतात, समोर एक भरवशाचं माणूस हवं.

घरातून बाहेर पडायचं तर पहिली जागा भोंडल्याची. मधे पाटावर हत्ती, भोवती फेर, हातात हात. फेरात पहिली रांग नसते आणि प्रेक्षकही नसतात. सगळ्यांचं तोंड आत आणि नजर हत्तीवर. गाणी संपली की खिरापत ओळखायची घाई, म्हणजे नाच हे मधलं काम होऊन जातं. आता बऱ्याच ठिकाणी मुलगेही फेर धरतात, ते उत्तमच; नाचाला लाजणारे मुलगे कमी नाहीत, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. फुगडी मात्र जरा उशिरा. तिला समोरच्याच्या हातावर भार टाकून मागे झुकावं लागतं, आणि घाबरलेलं मूल झुकत नाही, कोपरातून वाकतं. मग फेर धरला जात नाही, नुसती ओढाताण होते. आधी जागेवरच हात धरून मागे रेलायचा सराव करावा, फरशी गुळगुळीत असेल तर मोजे काढावेत.

मूल अडलंय ते कशाने, हे ओळखता आलं पाहिजे. गटात एखादं मूल सतत एक ठोका मागे असतं. त्याला ताल नाही असा शिक्का लगेच बसतो, पण बहुधा ते शेजारच्याकडे बघून करत असतं आणि बघण्यात तेवढा वेळ जातो. त्याला खाली बसवून डोळे मिटून त्याच गाण्यावर टाळ्या वाजवायला सांगा. टाळ्या बरोबर पडल्या तर ताल शाबूत आहे, भीती मधे येते आहे. त्याला कोपऱ्यात न ठेवता पुढच्या-मागच्या दोन ओळखीच्या मुलांमध्ये उभं करावं आणि बैठकीच्या खेळाकडे थोडे दिवस परतावं. टाळ्याही चुकल्या तर लय बदलून बघावी, जलद गाण्यावर अनेकदा जुळतात. मात्र बुटाची लेस, शर्टाची बटणं, जिना, चेंडू झेलणं या सगळ्यातच मूल बरोबरीच्या मुलांहून फार मागे असेल, तर ते लाजणं नसावं. हालचालींचा मेळ घालण्यातली अशी अडचण शंभरातल्या पाच-सहा मुलांना असते. ती बालरोगतज्ज्ञांना सांगावी, गरज पडली तर ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवतात. क्लास बदलून ती जात नाही.

क्लास लावायचाच असेल तर कथ्थकाचा विचार करण्यासारखा आहे, आणि त्याचं कारण पुन्हा कानच. सुरुवातीचे महिने तत्कारात जातात. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत् असे बोल तोंडाने म्हणायचे आणि पायांनी वाजवायचे. घुंगरू बांधले की लेझमीसारखंच पावलाचं उत्तर कानाला मिळतं. चेहऱ्यावरचे भाव, अभिनय हे पुढचं काम, आणि बुजऱ्या मुलाला त्याचीच धास्ती असते. फी विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: पहिले काही तास नुसतं बसून बघितलं तर चालेल का, पालक दारात उभे राहून बघतात का आणि पहिल्याच वर्षी मंचावर जावंच लागतं का. पहिल्याला नाही आणि उरलेल्या दोन्हींना हो असं उत्तर आलं, तर दुसरा क्लास बघावा.

राहिलं शाळेचं स्नेहसंमेलन. डिसेंबर उजाडला की बाईंचा निरोप येतो आणि घरात वाद सुरू होतो. नाच की नकार, एवढे दोनच पर्याय नसतात. कोळीनृत्य बसवलं असेल तर मंचाच्या कडेला खंजिरी वाजवणारं कुणीतरी लागतंच. लेझीम पथकाला हलगीबरोबर आकडे म्हणणारं मूल लागतं. ज्याचा कान पक्का त्यालाच हे काम जमतं, आणि ते करताना अंग हलल्याशिवाय राहत नाही. बाईंशी तालमी सुरू होण्याआधी बोलावं, कारण नंतर जागा ठरून जातात. आदल्या दिवशी मीरा नको म्हणाली, तर खंजिरी दुसऱ्या मुलीकडे द्यायची, आणि पुढच्या आठवड्यात घरचा दहा मिनिटांचा खेळ नेहमीच्या वेळी सुरू करायचा, बटण तिच्या हातात ठेवून.