पहाटतारा व सांजतारा

किंमतीची दिशा पालटण्याची शक्यता सुचविणाऱ्या, मेणबत्ती आलेखावरील लागोपाठच्या तीन मेणबत्त्यांच्या दोन आकृती. बाजारात त्या ‘मॉर्निंग स्टार’ व ‘इव्हनिंग स्टार’ या नावांनी ओळखल्या जातात. घसरणीच्या तळाशी येते ती पहाटतारा आणि चढाच्या माथ्यावर येते ती सांजतारा होय. पहाटेचा शुक्र उजेडाची, तर सायंकाळचा शुक्र अंधाराची चाहूल देतो, यावरून ही नावे पडली. मेणबत्ती आलेखाची पद्धत मूळची जपानी असून परंपरेने तिचा संबंध साकाता येथील अठराव्या शतकातील तांदळाचे व्यापारी होम्मा मुनेहिसा यांच्याशी जोडला जातो. पाश्चात्त्य देशांत तिचा प्रसार मुख्यतः स्टीव्ह निसन यांच्या १९९१ मधील ग्रंथामुळे झाला.

रचना : मेणबत्तीच्या जाड भागास धड म्हणतात. कालावधीच्या आरंभीचा व अखेरचा भाव ही त्याची दोन टोके असतात. त्याच्या वरखाली निघणाऱ्या बारीक वाती उच्चतम व नीचतम भाव दाखवितात. सांजताऱ्यातील पहिली मेणबत्ती तेजीची व लांब धडाची असते. दुसरीचे धड अगदी लहान असते. खरेदीदारांचा जोर संपला, परंतु विक्रेते अद्याप वरचढ झालेले नाहीत, असा तिचा अर्थ होतो. तिसरी मंदीची असून ती पहिलीच्या धडाच्या मध्याखाली बंद व्हावी लागते. पहाटताऱ्यात हाच क्रम उलट असतो. जुन्या नियमानुसार मधल्या धडाच्या दोन्ही बाजूंस भावाची फट असावी लागते. कूटचलनांचा बाजार अहोरात्र चालू असल्याने अशी फट तेथे क्वचितच पडते. त्यामुळे तेथे फटीचा आग्रह सोडून देतात आणि आकृतीचे स्थान व उलाढाल यांवर अधिक भर देतात.

स्थान व उलाढाल : आकृती पूर्वीच्या उच्चांकाजवळ किंवा नीचांकाजवळ, म्हणजे जेथे भाव आधी अडला होता अशा पातळीवर, तयार झाली तरच तिला महत्त्व देतात; पट्ट्याच्या मध्यभागी ती वारंवार दिसते व निरर्थक ठरते. तिसऱ्या मेणबत्तीची उलाढाल पहिल्या दोहोंपेक्षा अधिक असणे ही पुष्टी मानली जाते. उलाढाल कमी असताना भाव घसरला, तर केवळ खरेदीदार थांबले असण्याचा संभव असतो. उलाढाल वाढून घसरला, तर विक्रेते खरोखर बाजारात उतरले आहेत असे म्हणता येते.

उदाहरण : ऑक्टोबर २०२१ मध्ये बिटकॉइनचा भाव सु. ६७,००० डॉलरांवर अडला होता. ८ नोव्हेंबर रोजी तो सु. ६३,३०० वरून ६७,६०० डॉलरांपर्यंत चढून त्याच पातळीशी आला. ९ नोव्हेंबरची मेणबत्ती लहान धडाची होती व ती ६७,००० च्या आसपास बंद झाली. १० नोव्हेंबरला भाव आधी सु. ६९,००० पर्यंत उसळला आणि नंतर कोसळून सु. ६५,००० वर बंद झाला. पहिल्या धडाचा मध्य सु. ६५,४५० येतो, म्हणजे अट पूर्ण झाली. अनेक बाजारमंचांच्या नोंदी एकत्र करणाऱ्या संकलनानुसार या तीन दिवसांची उलाढाल अनुक्रमे सु. ४१, ४२ व ४९ अब्ज डॉलर होती. पुढे १५ नोव्हेंबरच्या सुमारास भाव पुन्हा ६६,००० पर्यंत गेला, पण ६९,००० ओलांडू शकला नाही. २६ नोव्हेंबरला तो सु. ५४,००० पर्यंत खाली आला. तिसऱ्या दिवसाची वात मधल्या मेणबत्तीच्या माथ्यावर गेली होती, हे येथे लक्षणीय आहे. मधल्या मेणबत्तीच्या माथ्यालगत तोटा थांबविण्याची मर्यादा ठेवून, तिसरी मेणबत्ती बंद होण्यापूर्वीच विक्री करणारा त्या उसळीत बाहेर फेकला गेला असता. म्हणून तिसरी मेणबत्ती बंद होईपर्यंत थांबतात आणि मर्यादा तिन्हींच्या सर्वोच्च भावावर ठेवतात.

मर्यादा : दैनिक मेणबत्ती सामान्यतः जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्री, म्हणजे भारतीय वेळेनुसार पहाटे ५·३० वाजता, बंद होते. ही सीमा काही तासांनी सरकविली तर धडे बदलतात व आकृती नाहीशीही होऊ शकते; जी एकाच सीमेवर दिसते ती दुबळी समजावी. उलाढालीचे आकडेही निःशंक नसतात. काही मंच स्वतःशीच केलेले खोटे व्यवहार नोंदवितात. बिटवाइज या संस्थेने २०१९ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगापुढे मांडलेल्या विश्लेषणात बिटकॉइनची सु. ९५ टक्के नोंदलेली उलाढाल बनावट किंवा गैरआर्थिक स्वरूपाची असल्याचे म्हटले होते. यासाठी विश्वासार्ह अशा अनेक मंचांवर उलाढाल एकाच वेळी वाढली काय, हे ताडून पाहावे लागते. शिवाय घसरण किती होईल, हे या आकृतीवरून समजत नाही. यशस्वी उदाहरणे मागाहून निवडलेली असतात. उलाढालीची पुष्टी मिळूनही भाव माथा ओलांडून वर गेल्यास आकृती रद्द झाली असे समजतात.