चित्रातल्या स्लाइडचा सारांश

पॉवरपॉइंटचे सादरीकरण आउटलाइन व्ह्यूमध्ये उघडले की मथळे आणि मुद्दे दिसतात. स्क्रीनशॉट आणि आलेखांतला मजकूर दिसत नाही. केवळ मथळ्यांवरून लिहिलेला सारांश म्हणूनच फसतो.

समजा, ‘विक्रीत मोठी झेप’ या मथळ्याखाली दोन स्तंभ आहेत आणि दुसरा पहिल्याच्या तिप्पट उंच आहे. आधी उभा अक्ष पाहा. तो शून्याऐवजी 80 पासून सुरू होतो. स्तंभांची मूल्ये 84 आणि 92 लाख रुपये, म्हणजे वाढ जेमतेम साडेनऊ टक्के. सारांशात लिहावे: ‘विक्री 84 लाखांवरून 92 लाखांवर गेली.’ ‘झेप’ हा सादरकर्त्याचा दावा आहे, तो त्याच्याच नावावर ठेवावा.

स्तंभांवर आकडे नसतील तर आलेखावर राइट-क्लिक करावे. Edit Data हा पर्याय आला तर सहसा मूळ तक्ता उघडतो. तो आला नाही, तर बहुधा आलेख चित्र म्हणून चिकटवलेला असतो. अशा वेळी अक्षावरून अंदाज घेऊन ‘सुमारे’ लिहावे. स्क्रीनशॉटमधली तारीख आणि लावलेले फिल्टरही नोंदवावेत. एकाच विभागाचा आकडा नाहीतर साऱ्या कंपनीचा ठरतो.