‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात काय लिहावं?

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांच्या प्रगतिपुस्तकात श्रेणीबरोबर शब्दांत लिहायच्या नोंदीही असतात. विशेष प्रगती, आवड किंवा छंद आणि सुधारणा आवश्यक, असे त्यांचे रकाने. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून या वर्णनात्मक नोंदी शिक्षकाच्या नेहमीच्या कामाचा भाग झाल्या. पण वर्गात चाळीस मुलं, हातात सत्राचा शेवटचा आठवडा आणि मोबाइलवर फिरणाऱ्या तयार नोंदींच्या याद्या, अशा घाईत पुस्तकात उतरतं ते असं : ‘गणितात कच्चा आहे. अभ्यासाकडे लक्ष द्यावे.’

हे वाचून पालकांनी नेमकं करायचं काय? बहुतेक घरांत मुलाला एक दम मिळतो, फार तर शिकवणी लागते. चूक कुठे होते आहे, हे मात्र कोणालाच कळलेलं नसतं.

ते कळतं मुलाच्या वहीतून. समजा, चौथीतल्या एका मुलाने ४५२ वजा १७८ हे उदाहरण बरोबर सोडवून २७४ उत्तर काढलं आहे. पुढच्याच उदाहरणात ४०३ मधून १७८ वजा करताना त्याचं उत्तर आलं २३५. यायला हवं होतं २२५. तीनातून आठ जात नाहीत, शेजारी दशकाच्या घरात शून्य, म्हणून त्याने शतक फोडलं. एका शतकाचे दहा दशक झाले. त्यातला एक दशक एककाला दिला, तेराातून आठ वजा केले, इथपर्यंत सगळं बरोबर. पण एक दिल्यावर दशकाच्या घरात नऊच उरले, हे तो विसरला आणि त्याने दहातून सात वजा केले. अशी तीन-चार उदाहरणं तपासली आणि प्रत्येक वेळी दशकाच्या घरात दहाचाच फरक निघाला, तर ती हलगर्जी नाही, समजुतीतली एक अडलेली पायरी आहे.

आता नोंद अशी लिहिता येते : ‘हातचा घेऊन तीन अंकी वजाबाकी न विचारता करतो. वरच्या संख्येत दशकस्थानी शून्य असेल तर चुकतो. वर्गात खेळण्यातल्या नोटा-नाण्यांनी सराव घेत आहोत. घरीही शंभराच्या नोटेचे सुट्टे करायला लावावे.’ आईवडिलांना वजाबाकीची रीत आठवत नसली तरी शंभराच्या एका नोटेच्या दहाच्या दहा नोटा आणि त्यातल्या एका नोटेची दहा नाणी झाली की हातात दहाच्या नऊच नोटा राहतात, हे त्यांना दाखवता येतं. या नोंदीत कौतुकाचं एकही विशेषण नाही, तरीही मुलाला काय येतं ते पहिल्याच वाक्यात आलं आहे. मला तरी खरं प्रोत्साहन हेच वाटतं, कारण ते वही उघडून दाखवता येतं.

उलट चूकही तितकीच होते. चौथीतली मुलगी दुसरीच्या पातळीवर वाचत असताना ‘प्रगती समाधानकारक’ लिहिलं, तर पालकांचं अख्खं वर्ष फुकट जातं. तिथे लिहावं : ‘दुसरीच्या पुस्तकातला धडा स्वतः वाचते. जोडाक्षरं आली की थांबते आणि वाक्याचा अर्थ सुटतो. चौथीच्या अपेक्षेपेक्षा वाचन मागे आहे.’ शेवटचं वाक्य लिहिताना हात अडखळतो, पण ते गाळू नये. मात्र कारणाचा अंदाज किंवा एखाद्या विकाराचं नाव प्रगतिपुस्तकात लिहू नये. तशी शंका आली तर पालकांना भेटायला बोलवावं, आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगावं.

आणखी एक गोष्ट लिहिताना डोळ्यांसमोर हवी. ज्या घरात आईवडिलांना वाचता येत नाही, तिथे प्रगतिपुस्तक मूल स्वतःच वाचून दाखवतं. ‘आळशी आहे’ हे शब्द त्याला आपल्याच तोंडाने आईला ऐकवावे लागतात. ‘गृहपाठ अर्धा सोडतो, बहुधा शेवटची दोन उदाहरणं राहतात’ हे वाचणं त्याला जमतं आणि त्यावर आईला काही विचारताही येतं.

रकाना दोन ओळींचा असतो, हे खरं. म्हणून सगळे विषय भरण्यापेक्षा मुलाची सर्वांत महत्त्वाची एक अडचण निवडावी. आयत्या वेळी चाळीस मुलांचं आठवत नाही, त्यामुळे दैनंदिन निरीक्षणाच्या वहीत रोज तीन-चार मुलांबद्दल एकेक ओळ तारखेसह टिपत गेलं की सत्राअखेर नोंदीचा कच्चा माल तयार असतो. नोंद लिहून झाली की मुलाचं नाव झाकून पाहावं. तीच ओळ वर्गातल्या आणखी दहा जणांना चालत असेल, तर पुन्हा वही उघडावी.

नेमक्या नोंदीवरून पुढच्या सत्रात पडताळाही घेता येतो. त्या मुलाच्या पुस्तकात मग लिहिता येतं : ‘४०३ – १७८ सारखी वजाबाकी आता जमते. ५०० – १७८ मध्ये दोन शून्यं आली की अजून वेळ लागतो, सराव चालू आहे.’