पीईजी: छेदातला अंदाज

शेअर महाग की स्वस्त हे ठरवताना बहुतेक जण आधी पीई बघतात. शेअरचा भाव 600 रुपये आणि कंपनीचा वर्षाचा प्रतिशेअर नफा 20 रुपये असेल तर पीई 30. म्हणजे एक रुपया नफ्यासाठी आपण 30 रुपये मोजतो. शेजारच्या दुसऱ्या कंपनीचा पीई 12 आहे. ती स्वस्त वाटते खरी, पण पहिलीचा नफा दरवर्षी 30 टक्क्यांनी वाढत असेल आणि दुसरीचा जेमतेम 6 टक्क्यांनी, तर ही तुलना अपुरी पडते.

ती पुरी करण्यासाठी पीईला नफावाढीच्या टक्क्यांनी भागतात आणि येणाऱ्या आकड्याला पीईजी म्हणतात. पहिल्या कंपनीचा पीईजी 30 भागिले 30, म्हणजे 1. दुसरीचा 12 भागिले 6, म्हणजे 2. या मापाने महाग वाटणारी कंपनीच स्वस्त ठरते. ही कल्पना गाजवली ती अमेरिकेतल्या फिडेलिटीच्या मॅगेलन फंडाचे व्यवस्थापक पीटर लिंच यांनी. भाव रास्त असेल तर पीई आणि नफावाढीचा दर साधारण सारखे असतात, असं त्यांनी 1989 साली आलेल्या ‘वन अप ऑन वॉल स्ट्रीट’ या पुस्तकात मांडलं. तेव्हापासून ‘एकच्या खाली तर घ्या’ हा नियम होऊन बसला. त्यामागे पक्कं गणिती सूत्र मात्र नाही, तो अनुभवातून आलेला ठोकताळा आहे.

पीईमधले दोन्ही आकडे, भाव आणि मागचा नफा, छापील असतात. छेदातली वाढ कुठून आणायची? मागच्या वर्षाची घेतली तर काय होतं, ते टाटा स्टीलच्या ताळेबंदात दिसतं. 2020-21 मध्ये कंपनीचा एकत्रित नफा सुमारे 8,200 कोटी रुपये होता. पुढच्या वर्षी पोलादाचे भाव कडाडले आणि तो 41,700 कोटींवर गेला, म्हणजे 400 टक्क्यांहून अधिक वाढ. मार्च 2022 मध्ये पीई सुमारे 4 होता. भागाकार केला तर पीईजी 0.01 येतो! एवढा स्वस्त शेअर शोधून सापडायचा नाही. पण 2022-23 मध्ये नफा पुन्हा 8,100 कोटींच्या आसपास आला. पोलाद, साखर, सिमेंट अशा चढउताराच्या धंद्यांत पीईजी नेमका शिखरावर असताना सर्वांत आकर्षक दिसतो. कंपनी बिघडलेली नसते, मोजपट्टी चुकीच्या जागी लावलेली असते.

मग पुढच्या तीन-पाच वर्षांचा अंदाज घ्यावा, असं म्हणतात. हे अधिक योग्य आहे, पण चूक झाली तर ती दुप्पट भोवते. वरच्याच कंपनीत 600 रुपयांना शेअर घेतला आणि नफा 30 टक्क्यांनी वाढत राहिला, तर तीन वर्षांनी प्रतिशेअर नफा सुमारे 44 रुपये होईल. पीई 30 टिकला तर भाव 1,320. प्रत्यक्षात वाढ 15 टक्केच झाली असं धरू. नफा 30 रुपयांच्या थोडा वर जातो, म्हणजे दीडपट होतो. पण वाढ मंदावल्याचं बाजाराला कळलेलं असतं, आणि पीईजीच्याच हिशेबाने आता रास्त पीई 15. भाव होतो सुमारे 456. नफा दीडपट, तरी गुंतवणूकदार तोट्यात! म्हणून मी 20 टक्क्यांच्या वरचा अंदाज बघितला की तो निम्मा करून पीईजी पुन्हा काढतो.

तिसरी उणीव सहसा नजरेत येत नाही, आणि मला तीच सर्वांत मोठी वाटते. दोन कंपन्यांचा नफा 100 कोटी, वाढ 15 टक्के, पीई 15, म्हणजे दोघींचा पीईजी 1. पुढच्या वर्षीचे जादा 15 कोटी कमावायला पहिलीला 50 कोटींचं नवं भांडवल पुरतं, कारण तिथे त्यावर 30 टक्के परतावा मिळतो. दुसरीला परतावा 15 टक्केच मिळतो, तेव्हा तिला 100 कोटी, म्हणजे सगळा नफाच, पुन्हा धंद्यात घालावा लागतो. पहिली 50 कोटी लाभांश म्हणून वाटू शकते. दुसरीला लाभांश द्यायचा झाला तर कर्ज काढावं लागेल किंवा नवे शेअर विकावे लागतील. पीईजीला या दोघी अगदी सारख्या दिसतात. फरक दिसतो तो वार्षिक अहवालातल्या रोख प्रवाहाच्या पानावर: धंद्यातून आलेल्या रोकडीपैकी यंत्रं, इमारती आणि वाढता माल-उधारी यांत किती गेली, आणि कर्ज दरवर्षी चढतंय का.