तांब्याचा तांब्या प्लास्टिकचा का दिसतो?

नव्या गृहप्रकल्पाच्या माहितीपत्रकातला दिवाणखाना बघा. सोफा, पडदे, फरशी, टीपॉयवर मांडलेला तांब्याचा तांब्या, सगळं जागच्या जागी असतं. तरी बघणारा चटकन म्हणतो, ‘प्लास्टिक वाटतंय.’ शेरा सहज मारलेला असतो, पण तो अगदी नेमका आहे. संगणकाने काढलेली वस्तू प्लास्टिकचीच का दिसते, याचं उत्तर चाळीसेक वर्षांपूर्वी मिळालेलं आहे.

१९७५ मध्ये युटा विद्यापीठात बुई तुओंग फाँग यांनी संगणकाला चकाकी काढण्याची सोपी रीत दिली. वस्तूला तिचा रंग द्यायचा आणि उजेड पडतो त्या बाजूला एक उजळ ठिपका उमटवायचा. हा ठिपका बहुतेक वेळा पांढराच ठेवला जाई. १९८२ मध्ये रॉबर्ट कुक आणि केनेथ टॉरन्स यांनी यातली गोम दाखवून दिली. प्लास्टिकमध्ये रंगाचे कण रंगहीन माध्यमात मिसळलेले असतात. वरच्या थरावरून परतणारा प्रकाश दिव्याच्याच रंगाचा राहतो आणि वस्तूचा रंग आतून येतो. धातूत आत शिरलेला प्रकाश बाहेर येतच नाही. जे काही परततं ते पृष्ठभागावरूनच, आणि तेच रंगीत असतं. म्हणजे तांब्यावरची चकाकीसुद्धा तांबूस हवी. हे पटवायला त्यांनी एकच फुलदाणी दोनदा काढली, एकदा तांब्याच्या रंगाच्या प्लास्टिकची आणि एकदा खऱ्या तांब्याची.

आज ब्लेंडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही हा फरक एका पट्टीवर आणून ठेवला आहे. Principled BSDF या मटेरिअलमध्ये Metallic असते. धातूला १, बाकी सगळ्याला ०. मधले आकडे गंज, धूळ यांच्या कडेपुरते ठीक, एरवी टाळावेत. एवढं करूनही तांब्या फसतो, कारण आपण त्याला आठवणीतला गडद तपकिरी रंग देतो. घासून लख्ख केलेलं तांबं पडणाऱ्या प्रकाशातला बराचसा परत पाठवतं, त्यामुळे त्याचा मूळ रंग फिकट गुलाबीसर, साधारण `#FAD1C2` असतो. भांड्यावर दिसणारा गडदपणा भांड्याचा नसतो; समोरचा अंधारा कोपरा, सोफ्याची पाठ, दाराची चौकट त्यात उमटलेली असते. रिकाम्या खोलीत एकच दिवा लावून तांब्याची परीक्षा घेतली, तर त्याला दाखवायला काही उरतच नाही. म्हणून मटेरिअलला हात लावण्याआधी उजेड ठरवावा लागतो.

त्यासाठी जाणकार आधी सगळ्या खोलीला एकच मध्यम करडा रंग फासतात. ब्लेंडरमध्ये View Layer मधल्या Material Override ने ते एका फटक्यात होतं. ही करडी खोली खरी वाटली नाही, तर पुढे कितीही महागडं लाकूड लावा, उपयोग नाही.

पुण्यातला पश्चिमेकडच्या खिडकीचा एखादा हॉल घेऊ, वेळ दुपारी चारची. खिडकीला बारा मिलिमीटर गजांची ग्रिल आहे. आकाशात सूर्य आपल्याला बिंदू नव्हे, तर साधारण अर्ध्या अंशाची चकती दिसतो. त्यामुळे गजाच्या सावलीची कड लांब जाईल तशी फाकते, एक मीटरवर सुमारे नऊ मिलिमीटर, तीन मीटरवर अठ्ठावीस. बारा मिलिमीटरच्या गजाची पूर्ण काळी सावली सव्वा मीटरच्या आसपासच संपते आणि पुढे फरशीवर फक्त पुसट पट्टे उरतात. सूर्याच्या दिव्याचा Angle शून्य ठेवला, तर सोफ्यापर्यंत सुरीने कापल्यासारखे पट्टे येतात आणि चित्र तिथेच उघडं पडतं. तिथे ०.५३ अंश लिहायचं, बस्स.

दुसरी लबाडी जास्त चालते. भर उन्हात बाहेर लाखभर लक्स उजेड असतो आणि खोलीत आतल्या बाजूला काहीशे. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम सांभाळत नाहीत. आतलं नीट आलं तर खिडकी पांढरी होते. पण ग्राहकाला समोरची टेकडीही स्वच्छ हवी असते आणि सोफ्यामागचा कोपराही उजळ हवा असतो. मग छताशी अदृश्य दिवे टांगले जातात, सगळीकडून सारखा उजेड येतो, पायांखालच्या सावल्या विरतात आणि सोफा तरंगू लागतो. माझ्या मते निम्मं प्लास्टिक या अंधाराच्या धास्तीतून येतं. ‘जरा ब्राइट करा’ या वाक्याने जेवढे रेंडर बिघडले, तेवढे खराब मटेरिअलने बिघडले नसतील.

अंधार घालवायचा दुसरा चुकीचा मार्ग म्हणजे भिंती शुभ्र करणं. ताजा पांढरा रंगही पडलेल्या प्रकाशाचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास भागच परत देतो. पाच वेळा भिंतींवर आपटल्यावर त्यातला तिसरा हिस्सा उरतो. भिंतीला ९८ टक्क्यांची पांढराई दिली, तर पाच उड्यांनंतरही नव्वद टक्के शिल्लक राहतो. उजेड खोलीत साचत जातो, कोपरे पुसले जातात आणि भिंत दुधाळ काचेची वाटते. भिंतीचा रंग २५५ पैकी २३०च्या आसपास ठेवावा आणि खोली काळोखी वाटली तर कॅमेऱ्याचं एक्स्पोजर वाढवावं.

आता फरशी. सहाशे मिलिमीटरच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत असं धरू. सरळ वरून पाहिलं तर त्या जेमतेम चार टक्के प्रकाश आरशासारखा परत करतात, पण दारातून तिरपं पाहिलं की खिडकी लांबवर ओढल्यासारखी त्यांत उतरते. हे गणित सॉफ्टवेअर स्वतः करतं. आपल्याला सांगायचं असतं ते खडबडीतपणाबद्दल, म्हणजे Roughness. सगळ्या फरशीला एकच आकडा दिला की ती नुकतीच खोक्यातून काढलेली दिसते. नांदत्या घरातली लादी कशी असते? फडक्याचे अर्धगोल ओरखडे, जिथून चालणं जास्त तिथे मंदावलेली चमक, सांध्यांशी कोरडेपणा. यांतलं काहीही रंगात दिसत नाही, फक्त परावर्तनात दिसतं. म्हणून खुणा रंगवायच्या त्या Roughness च्या करड्या नकाशात, आणि हलक्या हाताने, साधारण ०.१५ ते ०.३ या दरम्यान. रंगाच्या चित्रात काढलेले डाग मात्र वरून चिकटवल्यासारखे दिसतात.

इथे एक छोटी खोच आहे. हा नकाशा म्हणजे आकड्यांचा तक्ता, चित्र नव्हे. म्हणून त्याच्या फाइलचं Color Space `Non-Color` असावं लागतं. ते `sRGB` राहिलं, तर सॉफ्टवेअर ०.५ चा करडा ०.२१ समजतं आणि सगळ्या वस्तू आपोआप जास्त गुळगुळीत होतात. लाकूड, सुती कापड, भिंत सगळंच एकदम ओलसर चमकू लागलं, तर आधी ही खूण तपासावी. टीपॉयच्या कडाही बघून घ्याव्यात. सुताराने कितीही धार काढली तरी कडेला मिलिमीटरभर गोलाई राहते आणि तिच्यावर उजेडाची बारीक रेघ पकडली जाते. धारदार कोनाला ती मिळत नाही.

इतकं सगळं जमवूनही शेवटच्या पायरीवर प्लास्टिक परत येऊ शकतं. कमी सॅम्पल्समध्ये काढलेलं चित्र दाणेदार येतं, आणि दाणे घालवायला लावलेला डीनॉइझर फडक्याच्या खुणा आणि सोफ्याची वीणही दाणेच समजून सपाट करतो. लादी आणि कापडावर शंभर टक्के मोठं करून पाहिलं की हा गुळगुळीतपणा लगेच कळतो. पूर्ण चित्राचे सॅम्पल्स वाढवायला रात्र जाणार असेल, तर Ctrl+B दाबून फक्त तेवढा चौकोन आखावा, तो जास्त सॅम्पल्सवर पुन्हा काढावा आणि मूळ चित्रावर बसवावा.