डॅशबोर्डचे पूर्वआवृत्तीकरण

डॅशबोर्डचे पूर्वआवृत्तीकरण (रोलबॅक) म्हणजे चुकीची माहिती प्रसिद्ध झाल्यानंतर डॅशबोर्डवरील आकडे आदल्या, खात्रीच्या आवृत्तीवर परत नेण्याची क्रिया होय. त्यासाठी माहितीच्या प्रत्येक बदलानंतरची स्थिती स्वतंत्र क्रमांकासह जपलेली असावी लागते. अशा जपलेल्या स्थितीला स्नॅपशॉट म्हणतात. नवी माहिती येते तेव्हा जुन्या फायलींवर लिहिले जात नाही. नव्या फायली तयार होतात आणि त्या आवृत्तीत कोणत्या फायली धरायच्या याची नोंद ठेवली जाते. त्यामुळे मागे जाताना सारी माहिती पुन्हा भरावी लागत नाही. कोणत्या फायली चालू मानायच्या, एवढीच नोंद बदलते.

## उदाहरण: कांद्याचे बाजारभाव

नाशिक जिल्ह्यातील लासलगाव कृषी उत्पन्न बाजार समितीचा कांदा लिलाव मुख्य बाजार आवारासह विंचूर व निफाड येथील आवारांतही होतो. किमान, कमाल व सर्वसाधारण दर रुपये प्रति क्विंटल या एककात दिले जातात. पुढील आकडे व आवृत्तिक्रमांक केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत.

समजा, एका दिवशी सर्वसाधारण दर लासलगावला १,८५०, निफाडला १,७५० आणि विंचूरला १,८०० रुपये आहे. तिन्हींची साधी सरासरी १,८०० रुपये येते. मात्र विंचूरची नोंद चुकून प्रति किलो दराने, म्हणजे १८ अशी झाली, तर सरासरी १,२०६ रुपये दिसते. हा आकडा अशक्य वाटत नाही, हाच त्यातील धोका आहे. चाळीत कांदा साठवलेला शेतकरी तो पाहून भाव एक तृतीयांशाने कोसळल्याचे समजू शकतो व घाईने माल विक्रीस काढू शकतो.

सर्वसाधारण दर किमान व कमाल दरांच्या दरम्यान आहे का, एवढ्याच तपासणीने ही चूक सापडत नाही, कारण तिन्ही दर किलोतच नोंदले गेले तर त्यांचा परस्परक्रम बरोबरच राहतो. प्रत्येक आवाराचा दर त्याच आवाराच्या आदल्या दिवसाच्या दराशी ताडून पाहिल्यास मात्र शंभरपट फरक लगेच लक्षात येतो.

## कार्यपद्धती

प्रथम माहिती आपोआप भरणारे वेळापत्रक थांबवतात. अन्यथा पुढच्या फेरीत तीच चूक पुन्हा प्रसिद्ध होते. त्यानंतर आवृत्त्यांचा इतिहास पाहून शेवटची बरोबर आवृत्ती शोधतात. कालची आवृत्ती बरोबर असेलच असे नाही. चूक आधीपासून असल्यास आणखी मागे जावे लागते. डेल्टा लेक या मुक्तस्रोत प्रणालीत कालची आवृत्ती २१३ व आजची सदोष आवृत्ती २१४ असल्यास आज्ञा अशा असतात:

```sql
DESCRIBE HISTORY kanda_bhav;
RESTORE TABLE kanda_bhav TO VERSION AS OF 213;
```

यामुळे २१४ ही आवृत्ती इतिहासातून पुसली जात नाही. आवृत्ती २१३ सारखाच मजकूर असलेली २१५ ही नवी आवृत्ती तयार होते व सदोष आवृत्ती तपासासाठी उपलब्ध राहते. सरासरीचे कोष्टक वेगळे साठवले असल्यास तेही त्याच वेळेच्या स्थितीवर आणावे लागते. शेवटी डॅशबोर्डने तात्पुरती साठवलेली उत्तरे काढून टाकतात व पानावर माहिती कालपर्यंतची असल्याचे दिनांकासह दर्शवतात.

## दुरुस्ती

मागे गेल्याने लासलगाव व निफाडचे आजचे बरोबर दरही दिसेनासे होतात. म्हणून ही क्रिया कायमची दुरुस्ती ठरत नाही. मूळ नोंदीतील १८ च्या जागी १,८०० करून आजची माहिती पुन्हा भरावी लागते. येथे एक अडचण वारंवार येते. माहिती कुठपर्यंत भरली याची खूण भरणारी प्रणाली वेगळी ठेवते व कोष्टक मागे गेले तरी ती खूण आजच्याच तारखेवर राहते. ती मागे न घेतल्यास आजचा दिवस ‘भरलेला’ समजून वगळला जातो. कोणतीही त्रुटीसूचना न येता आलेखात एका दिवसाची पोकळी राहते.

## मर्यादा

जुन्या फायली जागा व्यापत असल्याने त्या ठरावीक काळाने काढल्या जातात. डेल्टा लेकमध्ये `VACUUM` ही आज्ञा, मुदत बदललेली नसल्यास, चालू आवृत्तीत न वापरलेल्या सात दिवसांहून जुन्या फायली काढून टाकते. त्यानंतर त्यांवर अवलंबून असलेल्या आवृत्तीवर पूर्णपणे परतता येत नाही. डॅशबोर्डमधील सूत्र चुकले असल्यास माहिती मागे नेऊन उपयोग होत नाही, कारण सूत्रांच्या आवृत्त्या स्वतंत्रपणे जपाव्या लागतात. तसेच लघुसंदेशाने गेलेला किंवा कोणी उतरवून घेतलेला चुकीचा दर मागे येत नाही. त्यासाठी चुकीचा आकडा, बरोबर आकडा व संबंधित तारीख नमूद करणारे शुद्धिपत्र काढावे लागते.